लोगोवरून गेलेली रेघ पुसताना लोगोच बिघडतो, तेव्हा

जुन्या फोटोच्या स्कॅनवर बऱ्याच रेघा असतात. आकाशातली जाते, भिंतीवरची जाते, कपड्यावरचीही जाते. अडते ती लोगोवरून गेलेली. हीलिंग ब्रश फिरवला की रेघ नाहीशी होते खरी, पण तिच्या जागी निळसर धूर उरतो, अक्षराला शेपूट फुटतं, नाहीतर गोलाची कड तेवढ्याच ठिकाणी आत दबलेली दिसते. अनडू करून ब्रश लहान केला, मऊ केला, दुसरीकडून नमुना घेतला, तरी पुन्हा तेच. ब्रशच्या आकाराशी या दोषाचा फारसा संबंध नाही, म्हणून ते बदलून काही हाती लागत नाही.

खालची नावं GIMP मधली आहेत, कारण ते फुकट आहे आणि कुणालाही उघडून बघता येतं. फोटोशॉपमध्ये हीच साधनं आहेत. तिथे नमुना घ्यायला Ctrl ऐवजी Alt दाबून क्लिक करायचं, आणि Darken only ला नुसतं Darken म्हणतात.

हीलिंग कडेपाशी का हरतं

Heal हे साधन नमुन्याच्या जागेवरून पोत उचलतं, पण रंग आणि उजेड मात्र जिथे ब्रश लावला तिथल्या आजूबाजूचा घेतं. ब्रशच्या घेराच्या किनाऱ्यावर नमुना आणि मूळ चित्र यांच्यात किती फरक आहे ते मोजलं जातं आणि तो फरक आतल्या भागात हळूहळू पसरवला जातो. भिंतीसारख्या जागी घेराच्या सगळ्या बाजूंना जवळपास एकच रंग असतो, त्यामुळे पसरवण्यासारखं काही नसतं आणि काम सुबक होतं.

लोगोच्या कडेवर घेराच्या एका बाजूला गडद निळा असतो आणि दुसऱ्या बाजूला पांढरा. नमुना साध्या निळ्यातून घेतला असेल, तर पांढऱ्या बाजूचा प्रचंड फरक आत झिरपतो. तोच तो धूर. नमुना पांढऱ्यातून घेतला तर उलट दिशेने तेच घडतं. ब्रश लहान केल्यावर धूर लहान होतो, जात नाही.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे नमुनाही कडेवरूनच घ्यायचा, तोही असा की नमुन्यातली कड आणि मूळ कड तंतोतंत एकमेकींवर बसतील. दुसरी म्हणजे कडेवर सिलेक्शनचं कुंपण घालायचं, Heal बाजूला ठेवायचं आणि दोन्ही बाजू Clone ने वेगवेगळ्या भरायच्या. दोन्ही वाटा पुढे उदाहरणात येतील. मात्र त्याआधी दोन तपासण्या करा, कारण निम्म्या वेळा रेघ पुसण्याची गरजच उरत नाही.

फोटो उलटा ठेवून पुन्हा स्कॅन

मूळ छापील फोटो हाताशी असेल तर आधी स्कॅनर उघडा. काचेवरची धूळ मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. द्रव वापरायचाच असेल तर तो कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. फोटोवर फक्त हवेचा पंप आणि मऊ ब्रश चालवा. चिकटलेला कण नखाने काढायला गेलात तर कणाच्या जागी ओरखडा मिळेल.

मग स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन गोष्टी बंद करा. एक म्हणजे शार्पनिंग, कारण त्याने प्रत्येक ओरखड्याभोवती उजळ आणि काळी झालर तयार होते. दुसरी म्हणजे धूळ काढण्याची आपोआप सोय, जी Dust Removal वगैरे नावाने असते. देवनागरी लोगोत ही सोय घातक ठरते. तिला बारीक पांढरी रेषा म्हणजे ओरखडा आणि लहान पांढरा ठिपका म्हणजे धूळ एवढंच कळतं. त्यामुळे ती शिरोरेषा झिजवते आणि अनुस्वार गिळते. इन्फ्रारेडने धूळ ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि चांगली असते, पण ती मुख्यतः रंगीत फिल्मसाठी आहे. चांदीवर आधारलेल्या कृष्णधवल फिल्मवर ती चालत नाही.

रिझोल्यूशन १२०० dpi ठेवा. छापील फोटोत तेवढा तपशील नसतो हे खरं, पण कारण निराळं आहे. लोगोतली शिरोरेषा फोटोवर ०.१५ मिलिमीटर जाड असेल तर ३०० ला ती दोन पिक्सेलही भरत नाही, १२०० ला सात पिक्सेल होते. सात पिक्सेलमध्ये कड कुठे संपते ते ठरवता येतं, दोनमध्ये नाही. १० × १५ सेंटिमीटरचा फोटो १६ बिटमध्ये सुमारे २०० एमबीचा होईल. TIFF म्हणून साठवा.

आता तोच फोटो काचेवर १८० अंशांत फिरवून, आपोआप उजेड ठरवण्याची सोय बंद ठेवून, त्याच सेटिंगवर दुसऱ्यांदा स्कॅन करा. या एका स्कॅनमधून दोन उत्तरं मिळतात.

पहिलं असं, की रेघ फोटोबरोबर फिरली नाही आणि पानावर जिथे होती तिथेच राहिली, तर ती फोटोवर नाहीच. काचेवरचा कण ठिपक्यासारखा दिसतो. पण सेन्सर सरकण्याच्या दिशेत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सरळ रेघ असेल, तर धूळ बहुधा काचेच्या सुरुवातीच्या पांढऱ्या पट्टीपाशी आहे, जिच्यावरून स्कॅनर दर वेळी स्वतःचा उजेड जुळवून घेतो. पान ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये सेन्सरसमोरच्या अरुंद काचेवरचा एक कणही अशी अखंड रेघ काढतो. ती साफ करून पुन्हा स्कॅन करणं हे पिक्सेल रंगवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

दुसरं उत्तर ओरखड्यांबद्दल. स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो, म्हणून चऱ्याची एक कड चमकते आणि दुसरी सावलीत जाते. फोटो उलटा ठेवला की ही चमक बदलते. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये १८० अंशांत सरळ करून पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा, लेयरचा मोड Difference करून चित्र जास्तीत जास्त काळं दिसेपर्यंत सरकवा, मग मोड Darken only करा. फक्त चमकेमुळे दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा इथेच मावळतात.

पण इथे एक सापळा आहे. दोन स्कॅन कधीही पिक्सेलला पिक्सेल जुळत नाहीत, आणि Darken only दोन्हींतला गडद पिक्सेल ठेवतो. परिणामी निळ्यावरची पांढरी अक्षरं सगळीकडून थोडी बारीक होतात. म्हणून वरच्या लेयरला काळा मास्क द्या आणि फक्त रेघेवर, अगदी अरुंद ब्रशने, पांढरा रंग चालवा.

उरलेल्या रेघेचा रंग बघा

रंगीत छापील फोटोचा कागद म्हणजे एकावर एक तीन रंगथर. नेहमीच्या रंगीत कागदावर सगळ्यात वर निळसर हिरवा सायन, मध्ये मॅजेंटा आणि कागदाला लागून पिवळा. ओरखडा वरून खाली जातो, म्हणून तो किती खोल आहे ते रंगावरूनच कळतं. फक्त सायन गेला असेल तर रेघ लालसर दिसते, मॅजेंटाही गेला तर पिवळी आणि सगळंच खरवडलं गेलं तर कागदाची पांढरी.

याचा उपयोग असा. सायन लाल उजेड अडवतो. तोच एकटा गेला असेल तर नुकसान जवळजवळ सगळं लाल चॅनलमध्ये असतं. हिरव्या आणि निळ्या चॅनलमध्ये लोगोचा आकार शाबूत असतो. मग हरवलेली कड कल्पनेने काढायची कशाला, ती शेजारच्या चॅनलमध्ये पडलेलीच आहे.

कृष्णधवल फोटोत ही सोय नाही. पांढऱ्या रेघेवर तिथे थेट कुंपणाच्या पद्धतीने जावं लागतं.

एक लोगो, तीन रेघा

उदाहरण म्हणून असा फोटो घेऊ: चकचकीत रंगीत छापील फोटो, त्यात एका मालवाहू गाडीच्या दारावर गोल लोगो. पांढऱ्या दारावर गडद निळं कडं, कड्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘वाहतूक संघ’, मध्ये लाल बाण. फोटोवर लोगोची रुंदी ९ मिलिमीटर, म्हणजे १२०० ला सुमारे ४२५ पिक्सेल. गाडी थोडी तिरकी उभी असल्यामुळे गोल लंबगोल दिसतो. त्यावरून तीन रेघा गेल्या आहेत. एक गुलाबीसर, ‘वाहतूक’वरून आडवी. दुसरी पांढरी आणि खोल, कड्याच्या बाहेरच्या कडेतून आत शिरून ‘घ’ला छेदणारी. तिसरी वळणदार, केसासारखी, बाणावर.

*गुलाबी रेघ.* निळं कडं म्हणजे सायन आणि मॅजेंटा. सायन गेला, मॅजेंटा उरला, म्हणून रेघ गुलाबी. पांढऱ्या अक्षरांत मुळात रंग नव्हता, त्यामुळे तिथे ती दिसतच नाही. `Colors > Components > Decompose` मध्ये RGB निवडून आणि Decompose to layers ला खूण करून चित्राचे तीन करडे लेयर करा. red लेयरमध्ये रेघ लख्ख दिसेल, green मध्ये नाही.

green ची प्रत काढून red च्या वर ठेवा. दोघांचा करडा सारखा नसेल, तो Levels ने जुळवायचा. समजा ० ते २५५ च्या मोजपट्टीवर red मध्ये चांगलं कडं ४० आणि अक्षरं २१५ आहेत, आणि green मध्ये कडं ६२ आणि अक्षरं २२२. तर प्रतीच्या Levels मध्ये इनपुटची टोकं ६२ आणि २२२ ठेवा, आउटपुटची ४० आणि २१५. मग प्रतीला काळा मास्क देऊन फक्त रेघेवर पांढरा रंग चालवा. अक्षरांच्या कडा आपोआप योग्य जागी येतात, कारण त्या त्याच फोटोतल्या आहेत. प्रत खाली विलीन करून `Colors > Components > Compose` ने तिन्ही लेयर पुन्हा RGB मध्ये जोडा.

ही जुळवाजुळव फक्त निळ्या-पांढऱ्यासाठी केली आहे हे ध्यानात ठेवा. रेघ पुढे लाल बाणावरही गेली असेल तर तिथे हे आकडे लागू नाहीत. लालात green जवळजवळ काळा आणि red उजळ असतो, म्हणजे बाणावर काळा डाग पडेल. पण लाल रंगाचं एक बरं आहे. त्यात सायन कमीच असतो, त्यामुळे उथळ ओरखडा तिथे मुळात फिका दिसतो, आणि red मध्ये बाण आणि पांढरा जवळजवळ एकाच उजेडाचे असल्यामुळे कडही नसते. त्या एका लेयरवर साधा Heal चालवला तरी निभावतं.

*पांढरी रेघ, बाहेरची कड.* इथे तिन्ही थर गेलेत, कुठल्याच चॅनलमध्ये काही नाही. चित्रावर एक रिकामा पारदर्शक लेयर घ्या, Clone च्या पर्यायांत Sample merged ला खूण करा आणि यापुढचं सगळं त्या लेयरवर करा. Heal ला मात्र खाली खरे पिक्सेल लागतात. ते वापरायचं असेल तेव्हा चित्राच्या प्रतीवर वापरा.

आधी सोपे तुकडे संपवा. दारावरचा पांढरा आणि कड्याच्या आतला निळा, दोन्हींत कडेपासून दहा-बारा पिक्सेल अलीकडे थांबा. आता कडेच्या दोन्ही बाजू स्वच्छ आहेत आणि मध्ये फक्त छोटी फट उरली आहे.

कड सरळ असती तर पहिली वाट पुरली असती. चित्र ४०० टक्के मोठं करायचं, त्याच कडेवर थोडं पुढे, बरोबर जिथे निळा-पांढरा निम्मानिम्मा होतो तिथे Ctrl दाबून क्लिक करायचं, आणि रेघेवर तसंच निम्म्यावर एक क्लिक करायचं. ओढायचं नाही, क्लिकच. ब्रश रेघेपेक्षा थोडा रुंद, सहा पिक्सेलच्या रेघेला दहाचा.

गोल कडेवर शेजारचा तुकडा बसत नाही, कारण वळण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेला असतं. लंबगोलात तर वळणाचं प्रमाणही बदलतं. पण लंबगोलाचा एक गुण इथे कामी येतो: केंद्रातून बरोबर समोरची कड अर्ध्या वळशाने फिरवली की ती याच जागी बसते. वर्तुळ तिरकं पाहिलं तरी हे टिकतं. म्हणून समोरच्या बाजूचा कडेचा छोटा तुकडा लॅसोने निवडा, कॉपी करून नव्या लेयरवर पेस्ट करा, १८० अंशांत फिरवा आणि फटीवर आणा. निळा आत आणि पांढरा बाहेर हेही आपोआप बरोबर येतं. लेयर थोडा पारदर्शक करून कड जुळवा, मग पूर्ण अपारदर्शक करा आणि मास्कने फक्त फट झाकेल एवढाच ठेवा. तरीही अंशाभराचा फरक उरू शकतो. तो हाताने फिरवून घ्यायचा.

उजेडाचा फरक मात्र पडेलच. वरच्या कडेला आकाशाचा उजेड असतो आणि खालची सावलीत, त्यामुळे खालून आणलेला निळा गडद वाटतो. तुकड्यावर Curves उघडून शेजारच्या निळ्याशी आणि शेजारच्या पांढऱ्याशी जुळवा. दोन बिंदू पुरतात, एक गडद टोकाला आणि एक उजळ टोकाला.

*पांढरी रेघ, ‘घ’.* हा खरा अवघड तुकडा. पांढऱ्या अक्षरावर पांढरी रेघ दिसत नाही, दिसतं ते अक्षराला फुटलेलं शेपूट. म्हणजे अक्षर भरायचं नसून त्याच्याभोवतीचा निळा परत आणायचा आहे, आणि तो अक्षराच्या कडेला बरोबर थांबला पाहिजे.

Paths साधनाने अक्षराच्या कडेवर एक मार्ग काढा. बिंदू रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे, चांगल्या कडेवर ठेवा, रेघेच्या आत एकही नको. मधला भाग मार्गाने स्वतःच ओलांडू दे. उभ्या दांड्यासाठी दोन बिंदू पुरतात, वळणासाठी हँडल शेजारच्या कडेच्या दिशेत ओढावी लागते. मार्ग निळ्याच्या बाजूने फिरवून बंद करा आणि त्याचं सिलेक्शन करा. आता आत फक्त निळा आणि रेघेचा तुकडा आहे, अक्षर कुंपणाबाहेर.

सिलेक्शन तसंच वापरलं तर कड ब्लेडने कापल्यासारखी होईल, आणि फोटोत तशी कड कुठेच नसते. शेजारची चांगली कड ८०० टक्क्यांवर मोठी करून निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. या आकाराच्या स्कॅनमध्ये समजा पाच निघाले. `Select > Feather` ला ५ पासून सुरुवात करा, भरून बघा, शेजारच्या कडेपेक्षा मऊ वाटलं तर अनडू करून आकडा कमी करा. मग त्याच कड्यातल्या जवळच्या निळ्यातून Clone ने भरा. हे भरण वेगळ्या रिकाम्या लेयरवर करून त्या लेयरचा मोड Darken only ठेवला तर पांढरी रेघ तेवढी झाकली जाते आणि आधीच गडद असलेले दाणे जागेवर राहतात.

अक्षराच्या दुसऱ्या बाजूला वेगळा मार्ग, वेगळं सिलेक्शन. दोन्ही बाजू एका मार्गात पकडायचा मोह होतो, पण मग दांड्याची रुंदी हातातून सुटते. झाल्यावर दांडा वर आणि खाली किती पिक्सेल रुंद आहे ते मोजून मधला मोजा. एका पिक्सेलचा फरक डोळ्याला कळत नाही, तीनचा लगेच कळतो.

*केस.* तिसरी रेघ वळणदार, दोन्ही स्कॅनमध्ये फोटोबरोबर फिरलेली, पण फोटो तिरपा धरून उजेडात पाहिला तर पृष्ठभागावर काहीच नाही. म्हणजे फोटो छापताना निगेटिव्हवर तंतू होता. निगेटिव्हवरची धूळ उजेड अडवते, म्हणून छापात पांढरी उमटते. इथे चॅनलची युक्ती चालत नाही, कारण तिन्ही थर सारखेच कोरे राहिले आहेत. बाणाच्या आतला भाग Heal ने, आणि जिथे केस बाणाची कड ओलांडतो तिथे कडेवरून कडेवर क्लिक. बाणाच्या कडा सरळ असल्यामुळे हे लवकर उरकतं.

ठिपका की अनुस्वार

अक्षरांच्या वर पांढरा ठिपका दिसला की काढण्याआधी थांबा. ‘संघ’ या शब्दात अनुस्वार असणार हे माहीत आहे, पण नाव ओळखीचं नसेल तर? सगळ्यात भरवशाची खूण कडेच्या मऊपणाची. अक्षरं कॅमेऱ्याच्या भिंगातून आली आहेत, त्यांची कड पाच पिक्सेल घेते. स्कॅनच्या वेळी बसलेली धूळ एक-दोन पिक्सेलांत संपते. रंगही बघा. दारावरचा आणि अक्षरांचा पांढरा थोडा पिवळसर झालेला असतो, धूळ निराळ्याच छटेची असते.

शिरोरेषेचंही असंच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांत फरक वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा जागेचा असतो. नेमकी तीच जागा ओरखड्याने खाल्ली असेल तर शिरोरेषा सवयीने जोडून टाकू नका. त्याच लोगोचा दुसरा फोटो, पत्रावरचा छाप, पावती, काहीतरी पाहून ठरवा.

दुरुस्ती अजून दिसते

पुसलेली रेघ छपाईत परत उगवते ही तक्रार बरेचदा येते. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर सगळं ठीक दिसतं, मोठं छापलं की पुसट जोडरेघ दिसते. चऱ्याला पांढरा गाभा असतोच, शिवाय दोन्ही काठांवर फिकट सावली असते. ब्रशने गाभाच झाकला जातो. हे आधीच पकडायचं असेल तर `Layer > New from Visible` ने सगळ्यात वर एक लेयर काढा आणि त्यावर Levels इतके आवळा की निळ्यातला बारीक फरकही काळा-पांढरा होईल. त्यात रेघ कुठे उरली आहे ते दिसतं. लेयर लपवा, खाली दुरुस्त करा. तपासणीला नवा काढा आणि शेवटी सगळे पुसून टाका.

दुसरा दोष म्हणजे गुळगुळीत पट्टा. एकाच जागी पाच-सहा वेळा Heal चालवलं की दाणे पुसट होतात आणि ती जागा मेणासारखी दिसते. डोळ्यावर विसंबण्यापेक्षा Histogram चं पॅनल उघडा. चांगल्या निळ्याचा छोटा चौकोन निवडून Std dev वाचा, मग दुरुस्त केलेल्या जागेचा वाचा. दुसरा पहिल्याच्या एक तृतीयांशच असेल तर दाणे हरवलेत. नॉइजचा फिल्टर मारून आकडा जुळवता येतो, पण १२०० च्या स्कॅनमध्ये फोटोचा दाणा एका पिक्सेलचा नसून काही पिक्सेलांचा पुंजका असतो, आणि फिल्टरचा नॉइज वाळू टाकल्यासारखा वेगळा दिसतो. त्यापेक्षा ती जागा पुसून Clone ने एकदाच, चांगल्या निळ्यातून भरलेली बरी.

तिसरा दोष नमुन्याची पुनरावृत्ती. कड्यावरचा एखादा छोटा डाग Clone मुळे ओळीने तीनदा आला की दुरुस्ती लगेच ओळखू येते. नमुना दर दोन-तीन क्लिकनंतर बदला.

नवा लोगो वर चिकटवायचा का

हा प्रश्न येतोच, कारण लोगोची स्वच्छ फाइल बहुधा मिळते. माझं मत स्पष्ट आहे: चिकटवू नका, फक्त ताडून बघा. स्वच्छ फाइलची कड, तिचा निळा आणि तिची अक्षरं या फोटोतली नाहीत. दारावरचा लोगो बहुतेक हाताने रंगवलेला असतो, एखादा दांडा जाड, एखादी मात्रा तिरकी. शिवाय लोगो काळानुसार बदलतात, आणि आजचा लोगो तेव्हाच्या गाडीवर गेला की फोटो खोटा होतो. स्वच्छ फाइल फोटोच्या वर लेयर म्हणून ठेवून, तिची Opacity ३० टक्के करून, Perspective साधनाने दारावर बसवून, रेघेखाली अक्षराची दिशा कोणती आहे एवढं पाहायला वापरा आणि काम झालं की लपवा.

एखादं पूर्ण अक्षरच खरवडलं गेलं असेल आणि दुसरा पुरावा नसेल, तर भोवतालचा निळा दुरुस्त करून अक्षराची जागा पुसटच राहू द्या. फोटो ज्याचा आहे त्याला तसं सांगा. भरलेलं अक्षर चुकीचं निघालं तर पुढे तेच खरं मानलं जातं.

फाइल देताना लेयरसकट GIMP ची XCF फाइल आणि मूळ न छेडलेला TIFF दोन्ही जपून ठेवा. JPEG काढाल तेव्हा एक्स्पोर्टच्या खिडकीत सबसॅम्पलिंग 4:4:4 निवडा. कमी दर्जाच्या पर्यायात रंगांची माहिती निम्म्या रिझोल्यूशनवर साठवली जाते, लाल बाणाच्या कडेभोवती गढूळ किनार येते, आणि ज्या कडेवर इतका वेळ घातला तीच पुन्हा डागाळलेली दिसते.